आईच्या डोळ्याच्या औषधांचं टाइमटेबल (अलार्म लावायच्या आधी वाचा)

दादा, वहिनी, आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी औषधं लिहून दिलेल्या कार्डाचा तुम्ही पाठवलेला स्क्रीनशॉट झूम करून करून बघितला. जेवढं स्पष्ट दिसतंय त्याचे अलार्म खाली लिहिलेत, कॉपी करून आईच्या फोनमध्ये टाका. जे दिसत नाहीये तिथे ❓ केलंय आणि त्याचा अलार्म मुद्दाम बनवला नाहीये. अंदाजाने भरायचं नाही, अगदी "हेच असणार" असं शंभर टक्के वाटलं तरी नाही.

आधी एक काम, ते आत्ताच. ओपीडी आठला बंद होते म्हणालास ना, मग त्याआधी दवाखान्यात फोन कर. प्रश्न शेवटी एकत्र लिहून दिलेत. त्यातला एक उद्यावर ढकलता येणार नाही, कारण पुढच्या तपासणीची तारीख 1 आणि पुढे काहीतरी, मग /11 अशी दिसतेय. मला ते १८ वाटतंय पण १३ पण असू शकतं, आणि १३ म्हणजे उद्याच.

स्पष्ट दिसतंय ते

वरती RE लिहिलंय, म्हणजे उजवा डोळा. सगळे थेंब फक्त उजव्याच डोळ्यात. आईला सवय आहे एकात टाकलं की "दुसऱ्यात पण टाक, तो पण चुरचुरतोय" म्हणायची, तर नाही.

१) Pred, १ टक्का. हे स्टिरॉइडचे थेंब, सूज उतरायला. 6-5-4-3-2-1 weekly हे एकदम नीट वाचता येतंय, म्हणजे पहिला आठवडा दिवसातून सहा वेळा, दुसरा पाच, असं करत सहाव्या आठवड्यात एकदा. पट्टी आज बुधवारी १२ तारखेला उघडली म्हणून आज पहिला दिवस धरलाय, म्हणजे बदल दर बुधवारी सकाळी.

१२ ते १८ नोव्हेंबर: सहा वेळा
१९ ते २५ नोव्हेंबर: पाच वेळा
२६ नोव्हेंबर ते २ डिसेंबर: चार वेळा
३ ते ९ डिसेंबर: तीन वेळा
१० ते १६ डिसेंबर: दोन वेळा
१७ ते २३ डिसेंबर: एकदा, मग बंद

डोळा बरा वाटतोय म्हणून मधेच बंद करायचं नाही, एकदम थांबवलं तर सूज परत उसळू शकते म्हणूनच ते असं पायरीपायरीने उतरवतात. आणि बाटलीत उरलंय म्हणून २३ नंतर चालूही ठेवायचं नाही, स्टिरॉइड जास्त दिवस गेलं तर डोळ्यातलं प्रेशर वाढू शकतं. हे दोन्ही आईला सांगा, कारण ती उरलेलं औषध कधी फेकत नाही.

२) Moxi, ०.५ टक्के, चार वेळा. हे अँटिबायोटिक. किती वेळा ते स्पष्ट आहे, किती दिवस ते नाही, त्याचं खाली.

३) CMC, पुढे SOS. हे कोरडेपणासाठीचे साधे थेंब, SOS म्हणजे गरज लागली तर. याला अलार्म नाही. खुपलं, चुरचुरलं तर टाका, फक्त दुसऱ्या औषधाच्या मागेपुढे दहा मिनिटं सोडून.

४) शेवटून दुसऱ्या ओळीत Rest cont. same आहे, म्हणजे बाकीचं आधीसारखंच चालू. बीपीची सकाळची गोळी आणि शुगरची मेटफॉर्मिन दोन्ही वेळा जेवणानंतर, त्याचे अलार्म तिच्या फोनमध्ये आहेतच, त्यांना हात लावू नका.

पहिल्या आठवड्याचे अलार्म

हे जसेच्या तसे लेबलमध्ये टाका. तिला चष्म्याशिवाय वाचता येत नाही आणि आत्ता जुना चष्मा त्या डोळ्याला जुळणार पण नाही, म्हणून शब्द कमी ठेवलेत, आणि बाटल्यांना वहिनी तुम्ही रंगीत टिकली लावा. मॉक्सीला हिरवी, प्रेडला लाल. झाकणावर नको, बाटलीवर, झाकणं अदलाबदल होतात.

सकाळी ७:०० – हिरवी बाटली, उजवा डोळा, १ थेंब
सकाळी ७:१० – लाल बाटली, आधी हलवा, उजवा डोळा, १ थेंब
सकाळी १०:०० – लाल, हलवा, १ थेंब
दुपारी १:०० – हिरवी, १ थेंब
दुपारी १:१० – लाल, हलवा, १ थेंब
दुपारी ४:०० – लाल, हलवा, १ थेंब
संध्याकाळी ७:०० – हिरवी, १ थेंब
संध्याकाळी ७:१० – लाल, हलवा, १ थेंब
रात्री १०:०० – हिरवी, १ थेंब
रात्री १०:१० – लाल, हलवा, १ थेंब, मग झोपताना डोळ्यावर शील्ड

आज यातले फक्त ७ आणि १० चे उरलेत, तिथूनच सुरू करा, दुपारचे राहिले म्हणून आता एकदम भरपाई करायची नाही. पुढे पण कधी एखादा थेंब चुकला तर आठवल्यावर टाका, आणि पुढच्याची वेळ जवळच आली असेल तर चुकलेला सोडून द्या, डबल नको.

हिरवी आधी आणि लाल नंतर हे मुद्दाम आहे. प्रेड दुधाळ असतं, पावडर तळाशी बसते म्हणून हलवायचं, आणि असं दाटसर औषध नंतर टाकतात. मधली दहा मिनिटं वाचवायची नाहीत, लगेच दुसरा थेंब टाकला की पहिला धुऊन जातो आणि ते औषध गालावरून ओघळून पदराला लागतं. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर हलकेच दाबून ठेवायचा, बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. आईने स्वतः टाकायचा हट्ट केला तरी हा आठवडा तुम्हीच टाका.

मॉक्सीची रात्री ७ आणि १० ची वेळ थोडी जवळ येते, माहितीये, पण नाहीतर रात्री एक वाजता कोणीतरी उठवायला लागलं असतं. पुढच्या आठवड्यांच्या प्रेडच्या वेळा अशा:

पाच वेळा: ७, ११, ३, ७, १०
चार वेळा: ७, १२, ५, १०
तीन वेळा: ७, २, ९
दोन वेळा: सकाळी ८, रात्री ८
एकदा: सकाळी ८

दर मंगळवारी रात्री ९ ला दादाच्या फोनवर एक वेगळा अलार्म: "उद्यापासून लाल बाटली एकने कमी, आईचे अलार्म बदल". हा आईच्या फोनमध्ये नको, ती घाबरते असलं काही वाचून.

❓ जे वाचता येत नाहीये

❓ Moxi किती दिवस. x 1 दिसतंय आणि पुढे ट्यूबलाइटची चमक आलीय. १ आठवडा असेल तर १८ ला संपतं, १० दिवस असेल तर २१ ला, १५ असेल तर २६ ला. अलार्म सध्या १८ पर्यंतच ठेवा, पण फोन केल्याशिवाय १८ ला बंद करू नका. पुढे चालू राहिलं तर मी दुसऱ्या आठवड्याच्या वेळा जुळवून देते.

❓ Nepa आणि पुढे 0. आणि एक आकडा, मग OD. हे नेपाफेनॅक, दुखणं आणि सुजेचंच, स्टिरॉइड नसलेलं. इथे दोन गोष्टी अडतायत. तो आकडा १ आहे की ३ ते कळत नाही. ०.१ टक्के साधारण दिवसातून तीनदा देतात आणि ०.३ टक्के एकदाच. आणि OD म्हणजे दिवसातून एकदा, पण डोळ्याच्या डॉक्टरांच्या लिहिण्यात OD म्हणजे उजवा डोळा पण असतो. वरती त्यांनी RE लिहिलंय म्हणून मला एकदाच वाटतंय, तरी माझ्या वाटण्यावर औषध द्यायचं नाही. बॉक्सवर टक्के किती छापलेत ते बघ आणि फोनवर ते वाचून दाखवूनच विचार. आज रात्री झोपायच्या आत उत्तर मिळायला हवं.

❓ Tab. Dia आणि पुढे शिक्का. याने माझी सगळ्यात जास्त झोप उडवलीय. 1-0-1 दिसतंय, x 3 दिसतंय, पण नावाचा मागचा भाग आणि मिलिग्रॅम दोन्ही शिक्क्याखाली. Diamox असेल तर ती डोळ्यातलं प्रेशर कमी करायची गोळी, ऑपरेशननंतर देतात, आणि तीन दिवस म्हणजे तेच असावं. पण Diamicron नावाची गोळी शुगरची आहे, आणि आईला शुगर आहे म्हटल्यावर केमिस्ट सहज तीच वाचू शकतो. मेटफॉर्मिनच्या वर ती पोटात गेली तर शुगर खाली जाऊ शकते. तू म्हणालास गोळी दुकानात नव्हती, उद्या येणार आहे, तर बरंच झालं. डॉक्टरांशी बोलेपर्यंत केमिस्टला हा फोटो दाखवून "काय असेल ते द्या" म्हणू नकोस.

आणि Diamox असली तरी एक सांगायचंच. आईला मागे सल्फाच्या गोळीने अंगभर पुरळ आलं होतं, आणि Diamox त्याच घराण्यातली आहे. कार्डावर ॲलर्जीच्या रकान्यात काहीच लिहिलेलं नाहीये, म्हणजे बहुतेक तिने सांगितलंच नाही. तिला विचारलं तर ती "ते कधीचं, आता काही नाही" म्हणेल, तू तिच्यावर जाऊ नकोस.

❓ सगळ्यात खाली, फोनच्या पट्टीच्या वर अर्धवट P.T.O. दिसतंय. म्हणजे कार्डाच्या मागे पण काहीतरी लिहिलंय आणि ते आपल्याकडे आलेलंच नाही.

फोनवर विचारायचं ते

"नमस्कार, काल उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, आज पट्टी उघडली, आईच्या कार्डाबद्दल विचारायचंय" एवढं सांगून सुरू कर, केस नंबर कार्डाच्या वर उजवीकडे आहे तो हातात ठेव.

पुढची तपासणी १३ ला की १८ ला?
Dia ने सुरू होणारी गोळी कोणती, किती मिलिग्रॅमची? आईला सल्फाची ॲलर्जी आहे, तरी चालेल का? आज रात्रीचा डोस राहिला तर काय?
नेपाफेनॅक दिवसातून किती वेळा? आमच्याकडे बॉक्सवर अमुक टक्के लिहिलंय.
मॉक्सी एकूण किती दिवस?

काउंटरवरच्या मुलीने घाईत काहीतरी सांगितलं तर गोळीचं तरी डॉक्टरांना किंवा त्यांच्या असिस्टंटला विचारून सांगा म्हण, आणि नाव त्यांच्याकडून स्पेलिंगसकट लिहून घे. जमलं तर त्यांच्या व्हॉट्सॲपवर टाइप करूनच मागव. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं असा मेडिकल कौन्सिलचा नियम २०१६ पासून आहेच, त्यामुळे विचारताना संकोच नको.

हो, आणि हे वेगळं: डोळा अचानक जास्त दुखायला लागला, लाल झाला, दिसायला कमी झालं किंवा पू आला तर कुठल्याही अलार्मची वाट न बघता सरळ दवाखाना, रात्र असली तरी.

फोन झाला की उत्तरं इथेच टाक, मी Nepa आणि गोळीचे अलार्म बनवून लगेच पाठवते. आणि कार्डाच्या दोन्ही बाजूंचे फोटो परत काढ, स्क्रीनशॉट नको मूळ फोटोच पाठव, टेबलावर सपाट ठेवून, ट्यूबलाइटच्या बरोबर खाली नको, परत चमक येईल.