रोटरी ओव्हनसाठी ९ लाख रुपयांच्या मुदत कर्जाचा प्रस्ताव

दि. १२ जानेवारी २०२६

प्रति,
मा. शाखा व्यवस्थापक,
सातारा शाखा

विषय : मुद्रा योजनेच्या ‘तरुण’ गटातून ९,००,००० रुपयांच्या मुदत कर्जाबाबत

महोदय,

आपल्या शाखेत माझ्या बेकरीचे चालू खाते आहे. मागच्या भेटीत आपण म्हणालात, “नफा किती होईल ते सगळेच सांगतात, पैसे कधी हातात येतील ते लिहून आणा.” त्याप्रमाणे हिशेब मांडत आहे.

सध्या दोन डेकच्या ओव्हनवर काम चालते. मिसळवाले आणि वडापावच्या गाड्यांना पाव सकाळी सातच्या आत लागतो, त्यामुळे भाजण्याचे खरे तास पहाटेचे तीन-चारच. ओव्हन भरलेला असताना पुढची लादी ट्रेमध्ये वाट बघत राहते, पीठ जास्त फुगते आणि भाजल्यावर पाव बसतो. तो माल अर्ध्या किमतीला जातो. म्हणून नवी गिऱ्हाइके घेणे सध्या बंद केले आहे.

डिझेलवर चालणारा रोटरी रॅक ओव्हन जीएसटीसह ८,५०,००० रुपये, स्पायरल मिक्सर १,६०,०००, चिमणी, पाया व थ्री-फेज जोडणी ९०,००० आणि खेळते भांडवल १,००,०००, असा एकूण खर्च १२,००,००० रुपये आहे. त्यातले ३,००,००० माझे.

तिसऱ्या वर्षी पूर्ण क्षमतेने रोज ३५० लाद्या जास्त निघतील. मैदा, यीस्ट, डिझेल आणि पोहोच वजा जाता लादीमागे ५ रुपये सुटतात, म्हणजे १,७५० रुपये. खारी-टोस्ट २५ किलो, किलोमागे ५० रुपयांनी १,२५०. रोजचे ३,००० धरून वर्षाच्या ३३० दिवसांचे ९,९०,००० होतात. दोन कारागीर व एका मदतनिसाचा पगार ४,८०,०००, वीज-देखभाल ६०,०००, कर व किरकोळ ३०,००० वजा करता ४,२०,००० रुपये उरतात. पहिल्या वर्षी आज हातात असलेल्या मागणीपुरतेच धरले आहे.

सवलतीचा दर १४ टक्के घेतला आहे : कर्जाचा पाऊण हिस्सा १२ टक्क्यांनी आणि माझा पाव हिस्सा २० टक्क्यांनी. स्वतःचे पैसे फुकटचे समजायचे नाहीत, म्हणून तो दर मुद्दाम चढा ठेवला. व्याज सवलतीच्या दरातच आल्याने खालच्या रकमांतून ते पुन्हा वजा केलेले नाही.

| वर्ष | निव्वळ रोख (रु.) | गुणक | आजचे मूल्य (रु.) |
|---|---|---|---|
| १ | २,४०,००० | ०.८७७२ | २,१०,५२८ |
| २ | ३,६०,००० | ०.७६९५ | २,७७,०२० |
| ३ | ४,२०,००० | ०.६७५० | २,८३,५०० |
| ४ | ४,२०,००० | ०.५९२१ | २,४८,६८२ |
| ५ | ७,७०,००० | ०.५१९४ | ३,९९,९३८ |
| एकूण | | | १४,१९,६६८ |

पाचव्या वर्षात जुन्या झालेल्या ओव्हन-मिक्सरची विक्रीची किंमत २,५०,००० आणि मोकळे होणारे खेळते भांडवल १,००,००० मिळवले आहे. गुंतवणूक वजा जाता निव्वळ वर्तमान मूल्य २,१९,६६८ रुपये येते. अंतर्गत परतावा दर २० टक्क्यांच्या किंचित वर आहे. दिवाळीत लोक घरची नानकटाई भाजायला आणतात, ते उत्पन्न किंवा कोणतेही सरकारी अनुदान यात नाही.

हा बेत कुठे मोडेल तेही सांगतो. वाढीव उत्पादनाला रोज सुमारे ६५ किलो मैदा लागेल. मैदा किलोमागे ३ रुपयांनी, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला १५० रुपयांनी चढला आणि मला लादीचा भाव वाढवता आला नाही, तर वर्षाला सुमारे ६४,००० रुपये जातील. पाचही वर्षे असेच धरले तर निव्वळ वर्तमान मूल्य जवळजवळ शून्यावर येते. माझी सीमा तिथे आहे. गिऱ्हाईक लादीला एक रुपया वाढवून द्यायला कुरकुरते, पण देते, हा आजवरचा अनुभव. मात्र तो आकड्यात धरलेला नाही.

१२ टक्क्यांनी ६० महिन्यांचा हप्ता सुमारे २०,०२० रुपये होतो, वर्षाचे २,४०,२४०. पहिल्या वर्षाची नवी रोख त्याला २४० रुपयांनी कमी पडते. ओव्हन बसून घडी नीट बसेपर्यंत पहिले तीन महिने फक्त व्याज आकारावे, अशी विनंती आहे. मग पहिल्या वर्षाचा बोजा २,०७,१८० रुपये राहील. शिवाय सध्याच्या बेकरीतून घरखर्च भागून महिन्याला साधारण १८,००० उरतात. ते वरच्या तक्त्यात नाहीत, हप्त्याला आधार म्हणून आहेत.

ओव्हन बँकेकडे तारण राहील. प्रत्यक्ष पाहणीसाठी पहाटे पाच ते सातच्या दरम्यान कोणत्याही दिवशी यावे. त्या वेळी ओव्हनपुढे ट्रे किती थांबलेले असतात ते दिसेल.

आपला विश्वासू,
ओंकार जाधव
प्रोप्रायटर

सोबत : ओव्हन व मिक्सरची दरपत्रके, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, जीएसटी विवरणपत्रे, उद्यम नोंदणी, अन्न परवाना, जागेचा भाडेकरार, सहा गिऱ्हाइकांची मागणीपत्रे