ॲपचे पैसे एवढे काहून?

काकाजी, नमस्कार.

काल दुकानात पऱ्हाटीच्या बियाण्यासाठी झुंबड होती, म्हणून तुमच्याशी नीट बोलता आलं नाही. "वेबसाइट अठरा हजारात, अन् ॲप दोन लाख चाळीस हजारात? दोन्ही मोबाइलातच तर दिसते ना बाप्पा!" असं तुम्ही म्हणालात. प्रश्न रास्त आहे. पैसे तुमचे, हिशेब मागणारच.

वेबसाइटवर काय राहील? दुकानाचं नाव, पत्ता, परवाना, कोणकोणत्या कंपन्यांचं बियाणं-औषध मिळतं ते, नकाशा, फोन लावायचं बटन. लोक येतील, पाहतील, जातील. त्यांच्याकडून काही घेऊन सांभाळून ठेवायचं नाही. माझं एकट्याचं आठ दिवसांचं काम.

ॲपसाठी तुम्ही सांगितलेलं मी वहीत जसंच्या तसं उतरवलं आहे: घरूनच माल बुक व्हावा, ज्याची त्याला उधारी दिसावी, माल उतरला की मेसेज जावा. तीनच ओळी, पण पैसा तिथंच लागतो.

उधारीचंच घ्या. आज ती लाल वहीत आहे अन् वही तुमच्या गल्ल्याजवळ. मोबाइलात दाखवायची तर सगळी खाती सर्व्हरवर चढवावी लागतील, रोजची नोंद करायला तुमच्यासाठी वेगळी स्क्रीन लागेल, अन् समोर कोण आहे हे ओळखायला ओटीपी. ओटीपीच्या प्रत्येक एसएमएसचे पैसे लागतात, त्याआधी असे एसएमएस पाठवायला लागणारी डीएलटीची नोंदणी वेगळीच. खातं बापाच्या नावावर, मोबाइल नंबर पोराचा, अन् पोरगा पुण्याला, अशी किती खाती आहेत ते तुम्हीच मोजा. एकाची उधारी चुकून दुसऱ्याला दिसली, तर दुसऱ्या दिवशी पारावर तीच चर्चा. ती चूक होऊ नये म्हणून जे तपासावं लागतं, ते स्क्रीनवर कुठंच दिसत नाही.

बुकिंगचं तसंच. वावरात रेंज नसते. शेतकऱ्यानं सोयाबीनच्या दोन बॅगा बुक केल्या, चक्र फिरतच राहिलं, म्हणून त्यानं पुन्हा बटन दाबलं. रेंज आल्यावर दोन्ही ऑर्डर तुमच्याकडे पोहोचतात, म्हणजे झाल्या चार बॅगा! हे टाळायला प्रत्येक बुकिंगला मोबाइलमध्येच एक नंबर द्यायचा, अन् तोच नंबर दुसऱ्यांदा आला की सर्व्हरनं तो सोडून द्यायचा. अन् गोदामात तीनच बॅगा असताना दोघांनी एकाच वेळी दोन-दोन मागितल्या तर? दुकानात तुम्ही नजरेनं निभावून नेता. ॲपला ते सारं आधी लिहून द्यावं लागतं.

यासाठी आम्ही दोघं साडेतीन महिने बसणार. गूगल प्ले स्टोअरवर खातं उघडायला पंचवीस डॉलर एकदाच लागतात, ते काही मोठं नाही. पण अँड्रॉइड बदलत राहतं, त्याप्रमाणे ॲपही वरचेवर सुधारावं लागतं. आयफोन मी या हिशेबात धरलाच नाही. तुमच्या गिऱ्हाइकांत किती जणांकडे असेल?

एक गोष्ट खरी सांगतो. हीच तीन कामं वेबसाइटवर करायची म्हटली, तरी खर्च जवळपास एवढाच येईल. पैसे "ॲप" या नावाचे नाहीत, पडद्यामागच्या कामाचे आहेत. तीस हजारात ॲप देणारेही भेटतील. त्यात बहुतेक वेळा आतून वेबसाइटच उघडते. नुसती माहिती दाखवायची असेल तर ते चालेलही, पण उधारी त्यात येणार नाही.

अन् युरियाचं तर तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत. अनुदानाचं खत पॉस मशीनवर शेतकऱ्याची ओळख पटवूनच द्यावं लागतं. म्हणजे दोन लाख चाळीस हजार लावूनही त्यासाठी माणूस दुकानातच येणार. ॲपमध्ये फार तर नंबर लावता येईल.

म्हणून माझं मत विचाराल तर यंदा ॲप नकोच. आज काम धरलं तरी हाती येईल पोळ्याच्या पुढं, तोवर खरिपाची विक्री उरकलेली. सध्या वेबसाइट करू. व्हॉट्सॲप बिझनेसवर मालाचा कॅटलॉग मी फुकट लावून देतो. माल उतरला की गावागावाची यादी करून त्यावरच मेसेज टाका. किती जण त्यावरून खरंच माल मागवतात ते रब्बीपर्यंत पाहू.

वेबसाइटचे अठरा हजार, त्यात पहिल्या वर्षाचं डोमेन-होस्टिंग आलं. पुढं दरवर्षी साडेचार हजार. निम्मे आता, निम्मे काम पाहून.

सोमवारी बाजार आटोपल्यावर संध्याकाळी येतो. परवान्याची झेरॉक्स अन् दुकानाचे दोन-तीन फोटो काढून ठेवा. फोटो सकाळी काढा, दुपारी पाटीवर ऊन येतं अन् नाव वाचता येत नाही.