क्लबहाऊस आरक्षणाची नियमावली

ही नियमावली गोरेगाव पूर्व येथील आपल्या सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या तळमजल्यावरील क्लबहाऊसच्या वापरासाठी असून सर्वसाधारण सभेने ती मंजूर केली आहे. ती १ एप्रिलपासून अमलात येईल. संस्थेत तीन विंगमध्ये मिळून १३२ सदनिका आहेत आणि हॉल मात्र एकच आहे. गेल्या वर्षी अक्षय्य तृतीयेच्या पानावर आरक्षणाच्या वहीत पेन्सिलीने लिहिलेली तीन नावे होती, त्यांपैकी दोन खोडलेली, आणि कोणी, कधी, कशासाठी खोडली हे समितीतील कोणालाही सांगता आले नाही. ज्या घरी बारसे होते त्या घराला पाहुण्यांना कळवून झाल्यावर दुसरी जागा शोधावी लागली. अशी वेळ पुन्हा कोणावर येऊ नये, एवढ्यासाठीच पुढील नियम इतक्या बारकाईने लिहिले आहेत.

१. आरक्षण सदनिकेच्या नावावर होईल, व्यक्तीच्या नावावर नाही. एकाच कुटुंबाने शेजारच्या दोन सदनिका जोडून घेतल्या असतील, तर या नियमांपुरते ते एकच घर धरले जाईल. नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार कार्यालयात जमा असलेल्या सदनिकेत आरक्षणाचा हक्क तेथे राहणाऱ्या भाडेकरू कुटुंबाचा राहील; मालकाला त्याच सदनिकेवर वेगळा हक्क मिळणार नाही. देखभाल शुल्क तीन महिन्यांहून अधिक काळ थकलेले असेल, तर ते भरेपर्यंत अर्ज स्वीकारला जाणार नाही. मात्र ज्या रकमेबद्दल सदस्याने लेखी हरकत घेतली आहे आणि समितीने अद्याप उत्तर दिलेले नाही, ती रक्कम थकबाकीत मोजू नये.

२. दररोज दोन सत्रे असतील : सकाळी ८ ते दुपारी १.३० आणि सायंकाळी ४.३० ते रात्री १०. सजावट लावण्याचा व उतरवण्याचा वेळ याच सत्रात धरलेला आहे. सोमवार ते शुक्रवार सकाळचे सत्र योगवर्ग व ज्येष्ठ नागरिकांच्या बैठकीसाठी राखीव आहे. ते खाजगी कार्यक्रमाला दिले जाणार नाही. गणेशोत्सवाचे आणि नवरात्राचे सर्व दिवसही संस्थेच्या कार्यक्रमांसाठी राखीव राहतील.

३. प्रत्येक घराला १ एप्रिल ते ३१ मार्च या वर्षात जास्तीत जास्त चार सत्रे मिळतील आणि त्यांपैकी शनिवार, रविवार किंवा सार्वजनिक सुट्टीची सत्रे दोनपेक्षा जास्त नसतील. ही मर्यादा कोणाला जाचक वाटू शकते, म्हणून तिचा हिशेब येथेच देत आहोत. वर्षातील शनिवार-रविवारची मिळून सुमारे २०८ सत्रे होतात, तर प्रत्येक घराला दोन द्यायची म्हटली तरी २६४ लागतात. म्हणजे हक्काचे दुसरे सत्रसुद्धा सर्वांना पुरत नाही, मग तिसरे-चौथे कोणाच्या वाट्यातून द्यायचे? शेवटच्या पाच दिवसांत रिकामे राहिलेले सत्र कोणी घेतले, तर ते या मर्यादेत मोजले जाणार नाही.

४. एखाद्या महिन्यातील तारखांसाठी अर्ज त्याच्या दोन महिने आधी, १ ते ५ तारखेदरम्यान, कार्यालयात द्यावेत. उदाहरणार्थ मे महिन्यासाठी १ ते ५ मार्च. या पाच दिवसांत अर्ज केव्हा आला याला महत्त्व नाही, कारण नोकरीवरून रात्री नऊला परतणाऱ्या सदस्याला सकाळी रांगेत उभ्या राहणाऱ्याइतकीच संधी मिळाली पाहिजे. एकाच सत्रासाठी एकाहून अधिक अर्ज असतील, तर ज्या घराला मागील बारा महिन्यांत सुट्टीच्या दिवसाचे सत्र मिळालेले नाही त्याला प्राधान्य मिळेल, आणि तरीही बरोबरी राहिली तर ७ तारखेला रात्री ८.३० वाजता कार्यालयात सर्वांसमक्ष चिठ्ठी काढली जाईल. चिठ्ठी समितीच्या सदस्याने काढू नये. हजर असलेल्या अर्जदारांव्यतिरिक्त अन्य सदस्याकडून ती काढून घ्यावी. उरलेली सत्रे ८ तारखेपासून मागेल त्याला क्रमाने मिळतील. सर्व नोंदी शाईने होतील, खोडाखोड होणार नाही, आणि महिन्याचा तक्ता तिन्ही विंगच्या सूचनाफलकांवर लावला जाईल.

५. घरात मृत्यू झाला असेल, तर शोकसभेसाठी किंवा दिवसकार्यासाठी हॉल विनाशुल्क व विनाअनामत मिळेल, आणि तो वार्षिक मर्यादेत मोजला जाणार नाही. अशा वेळी अर्जाची वाट न पाहता सचिवांना फोनवर कळवणे पुरेसे आहे. सत्र आधीच कोणाला दिलेले असेल, तर समितीने दोन्ही घरांशी बोलून मार्ग काढावा; आधीच्या घराला मात्र सक्ती करू नये.

६. एका सत्राचे शुल्क १,५०० रुपये आणि अनामत ५,००० रुपये राहील. दोन्ही रकमा संस्थेच्या बँक खात्यात भराव्यात. रोख घेतली जाणार नाही. वातानुकूलन यंत्रणेची वीज उपमीटरच्या वाचनाप्रमाणे वेगळी आकारली जाईल. किल्ली देताना सुरक्षा पर्यवेक्षक आणि अर्जदार यांनी मिळून मीटरचा आकडा, खुर्च्यांची संख्या, भिंती, आरसे व स्वच्छतागृहाची स्थिती नोंदवून सह्या कराव्यात आणि छायाचित्रे काढावीत. किल्ली परत घेताना हेच पुन्हा करावे. सुरुवातीच्या नोंदीत नसलेल्या नुकसानीसाठीच, आणि दुरुस्तीच्या प्रत्यक्ष बिलाइतकीच, अनामतीतून कपात करता येईल. भिंतीवरच्या एका ओरखड्यासाठी बिल न दाखवता दीड हजार कापले जाण्याचा प्रकार आपल्याकडे घडला आहे. तसे यापुढे चालणार नाही. उरलेली अनामत सात दिवसांत खात्यावर परत जमा केली पाहिजे.

७. कार्यक्रमाच्या पंधरा दिवस आधीपर्यंत आरक्षण रद्द केल्यास पूर्ण शुल्क परत मिळेल आणि त्यानंतर पाच दिवस आधीपर्यंत निम्मे. त्याहून उशिरा रद्द केल्यास शुल्क परत मिळणार नाही, पण तेच सत्र दुसऱ्या घराने घेतले तर पूर्ण शुल्क परत करावे. आरक्षण केव्हाही रद्द केले तरी अनामत पूर्ण परत मिळेल.

८. हॉलमध्ये एका वेळी ८० पेक्षा जास्त माणसे नसावीत. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे. आपल्या हॉलवरच पहिल्या मजल्यावरच्या शयनगृहांची जमीन असल्याने संगीत ९.३० लाच बंद करावे. दहानंतर हॉल रिकामा झाला नाही, तर प्रत्येक अर्ध्या तासाला ५०० रुपये अनामतीतून वळते होतील. आत गॅस सिलिंडर, मद्य आणि फटाके यांना परवानगी नाही. केटररने अन्न बाहेर शिजवून आणावे आणि ओला-सुका कचरा वेगळा करून द्यावा. शाकाहार की मांसाहार, कोणत्या धर्माचा विधी, हे विचारण्याचा अधिकार समितीला नाही.

९. विक्री, राजकीय प्रचार किंवा बाहेरच्या व्यक्तीसाठी आपल्या नावावर हॉल घेऊन देणे निषिद्ध आहे. अर्जदार घरातील किमान एक प्रौढ व्यक्ती कार्यक्रमभर हजर असली पाहिजे. उल्लंघन झाल्यास, म्हणणे मांडण्याची लेखी संधी देऊनच, समिती त्या घराचे आरक्षण सहा महिन्यांपर्यंत थांबवू शकेल. या निर्णयाविरुद्ध सर्वसाधारण सभेकडे दाद मागता येईल. समितीच्या सदस्यांना हे सर्व नियम जसेच्या तसे लागू आहेत.

१०. १ एप्रिलपूर्वी दिलेली आरक्षणे कायम राहतील, परंतु त्यांपैकी त्या तारखेनंतर होणारी सत्रे त्या घराच्या चार सत्रांत धरली जातील. जुनी वही बंद करून सचिवांच्या ताब्यात ठेवली जाईल आणि कोणत्याही सदस्याला ती कार्यालयाच्या वेळेत पाहता येईल.