वर्कशीट ३: कंडिशनल प्रोबॅबिलिटी, ट्री डायग्राम आणि 'पैकी' हा शब्द

बुधवारच्या टेस्टमधला शेवटचा प्रश्न, तो पॉझिटिव्ह रिपोर्टचा, ४१ पैकी ३३ जणांचा चुकलाय आणि त्या ३३ पैकी २६ जणांनी एकच उत्तर लिहिलंय, ९० टक्के. आकडेमोड चुकली असती तर ज्याचं त्याचं वेगळं काहीतरी आलं असतं. इतक्या जणांचं उत्तर अगदी सारखं चुकतं म्हणजे डोकं आपल्या सगळ्यांना एकाच बाजूला ओढतंय, आणि ही वर्कशीट मी त्या ओढीसाठीच केलीये. तोच प्रश्न भाग ३ मध्ये परत आहे, पण उडी मारून तिथे जाऊ नका, भाग १ आणि २ शिवाय तो नीट कळणार नाही.

एक गोष्ट मात्र नक्की करा. प्रत्येक प्रश्न वाचला की गणित करायच्या आधी मनाला जे वाटतं ते समासात पेनाने लिहा आणि नंतर खोडू नका. मला ते बघायचंय, मार्क त्याला नाहीत.

सुरुवातीला एवढंच

P(A|B) हे पुस्तकात "B दिले असता A" असं वाचतात. चूक काहीच नाही, पण त्यात भागाकार ऐकू येत नाही. तुम्ही "B पैकी A" असं वाचा. 'पैकी'च्या आधी जे येतं ते छेदात जातं, संपलं.

P(A|B) = P(A आणि B) / P(B)

ट्रीबद्दल: एका ठिकाणाहून फुटलेल्या फांद्यांची बेरीज १ झालीच पाहिजे. टोकापर्यंत जाताना गुणाकार, वेगवेगळी टोकं एकत्र करताना बेरीज. आणि पहिल्या फांदीनंतरच्या सगळ्या फांद्यांवर जे आकडे असतात ते आधीच कंडिशनल असतात, हे बरेच जण विसरतात आणि मग परत कशानेतरी भागत बसतात.

भाग १: पिशवी

पिशवीत ५ लाल आणि ३ निळे चेंडू आहेत. न बघता एक काढला, परत टाकला नाही, मग दुसरा काढला.

```
पहिला         दुसरा
लाल ५/८  --- लाल ४/७  -> २०/५६
         --- निळा ३/७ -> १५/५६
निळा ३/८ --- लाल ५/७  -> १५/५६
         --- निळा २/७ ->  ६/५६
```

(अ) दोन्ही लाल असण्याची प्रोबॅबिलिटी?
(ब) दुसरा लाल असण्याची, पहिला काय होता ते माहीत नसताना?
(क) दुसरा लाल निघाला हे कळलं. मग पहिलाही लाल असण्याची?

(अ) सरळ आहे, २०/५६ म्हणजे ५/१४.

(ब) लाल संपणाऱ्या दोन वाटा आहेत, २०/५६ + १५/५६ = ३५/५६ = ५/८. म्हणजे पहिल्या चेंडूसारखंच. बऱ्याच जणांना वाटतं एक चेंडू कमी झालाय तर दुसऱ्याची शक्यता बदलायला हवी, पण पहिला कोणता गेला हे आपल्याला माहीतच नाही ना, त्यामुळे पिशवीतल्या कुठल्याही चेंडूला दुसऱ्या नंबरवर यायची संधी सारखीच आहे.

(क) इथे थांबा जरा. "पहिला आधीच काढून झालाय, नंतर जे घडलं त्याचा आधीच्यावर काय परिणाम होणार, म्हणून ५/८" असं वर्गात चौघांनी तरी सांगितलं आणि ते ऐकायला अगदी पटतं. पण दुसरा लाल असलेली टोकं ३५/५६, त्यापैकी पहिलाही लाल असलेली २०/५६, म्हणून उत्तर २०/३५ = ४/७. दुसऱ्या चेंडूने पहिल्याचा रंग बदलला नाही, बरोबर आहे तुमचं, बदललं ते आपल्याला असलेलं ज्ञान. एक लाल चेंडू दुसऱ्या जागी अडकलाय हे कळल्यावर पहिल्या जागेसाठी ७ चेंडू उरतात आणि त्यात ४ लाल. आपलं डोकं प्रत्येक अटीकडे कारण म्हणून बघतं, आणि कारण नेहमी आधी घडतं, म्हणून उलट दिशेचा प्रश्न आला की ते अट सोडूनच देतं. कंडिशनल प्रोबॅबिलिटीला वेळेची दिशा नसते. भाग ३ चा अर्धा गोंधळ इथेच आहे.

भाग २: तीन कार्डं

एक कार्ड दोन्ही बाजूंनी लाल, एक दोन्ही बाजूंनी निळं, एक एका बाजूने लाल आणि एका बाजूने निळं. न बघता एक उचलून टेबलावर ठेवलं, वरची बाजू लाल दिसतेय. खालची बाजूही लाल असण्याची प्रोबॅबिलिटी?

समासात बहुतेकांनी १/२ लिहिलं असेल. निळं-निळं कार्ड बाद झालं, दोन उरली, म्हणून निम्मं. ट्री काढून बघा:

```
कार्ड              वरची बाजू
लाल-लाल १/३  --- लाल १    -> १/३
लाल-निळं १/३ --- लाल १/२  -> १/६
             --- निळी १/२ -> १/६
निळं-निळं १/३ --- निळी १   -> १/३
```

वर लाल असलेली टोकं १/३ + १/६ = १/२. त्यापैकी लाल-लाल कार्डाचं टोक १/३. भागाकार २/३.

कार्डं दोनच उरली हे खरं, पण ती सारख्या वजनाची उरली नाहीत. लाल-लाल कार्ड कसंही पडलं तरी लाल दाखवतं, मिश्र कार्ड निम्म्या वेळाच. दुसऱ्या शब्दांत, लाल बाजू एकूण तीन, त्या तीन पैकी दोन लाल-लाल कार्डाच्या. फ्रेंच गणिती जोसेफ बर्ट्रांड यांनी १८८९ साली सोन्याची आणि चांदीची नाणी असलेल्या तीन पेट्या घेऊन हाच प्रश्न मांडला होता. पर्याय मोजले आणि सरळ त्यांच्या संख्येने भागलं, ही सवय माणसाला फार आतून असते. पटत नसेल तर कागदाची कार्डं करा आणि फक्त लाल दिसलेल्या वेळा मोजा, ६० वेळा लाल आलं की आकडा कुठे झुकतोय ते दिसेल. मला स्वतःला पहिल्यांदा तसंच पटलं होतं.

भाग ३: पॉझिटिव्ह रिपोर्ट

एक आजार १ टक्का लोकांना आहे. आजार असेल तर टेस्ट ९० टक्के वेळा पॉझिटिव्ह येते. आजार नसेल तरीही ५ टक्के वेळा चुकून पॉझिटिव्ह येते. लोकांमधून कुठलाही निकष न लावता एकाला निवडून टेस्ट केली, पॉझिटिव्ह आली. त्याला खरंच आजार असण्याची प्रोबॅबिलिटी?

टक्के बाजूला ठेवा आणि १०,००० माणसं घ्या.

```
१०,०००
 |-- आजार १००
 |     |-- पॉझिटिव्ह ९०
 |     |-- निगेटिव्ह १०
 |-- आजार नाही ९,९००
       |-- पॉझिटिव्ह ४९५
       |-- निगेटिव्ह ९,४०५
```

पॉझिटिव्ह एकूण ९० + ४९५ = ५८५. त्या ५८५ पैकी आजारी ९०. म्हणजे २/१३, साधारण १५.४ टक्के.

टेस्ट वाईट आहे का? नाही. ५ टक्के चूक छोटीच आहे, पण ती ९,९०० लोकांवर लागू होतेय, आणि ९० टक्के अचूकता फक्त १०० लोकांवर. मोठ्या गर्दीचा छोटा तुकडा छोट्या गर्दीच्या मोठ्या तुकड्यापेक्षा मोठा निघाला. पण प्रश्न वाचताना १ टक्का हा आकडा पहिल्याच वाक्यात येऊन मागे पडतो आणि ९० टक्के ताजा असतो, रिपोर्टबद्दल बोलत असतो, म्हणून आपण तोच उचलतो.

२६ जणांनी ९० लिहिलं त्यांनी नेमकं काय केलं? त्यांनी 'आजारी पैकी पॉझिटिव्ह' हे 'पॉझिटिव्ह पैकी आजारी' म्हणून दिलं. अंश दोन्हीकडे तोच ९०, छेद एकदा १०० आणि एकदा ५८५.

फॉर्म्युला लिहायचा असेल तर ट्रीच एका ओळीत येतं:

P(आजार|पॉझि.) = (०.०१ × ०.९०) / (०.०१ × ०.९० + ०.९९ × ०.०५) = ०.००९ / ०.०५८५

हाच बेझचा नियम. थॉमस बेझ यांच्या मृत्यूनंतर त्यांचा निबंध रिचर्ड प्राइस यांनी पुढे आणला आणि तो १७६३ मध्ये छापून आला.

तुमचं चुकलं म्हणून वाईट वाटून घेऊ नका, हे मी मनापासून सांगतेय. १९७८ मध्ये छापून आलेल्या एका पाहणीत हार्वर्डच्या शिकवणाऱ्या हॉस्पिटल्समधल्या ६० डॉक्टर आणि विद्यार्थ्यांना असाच प्रश्न विचारला होता, आजार हजारात एकाला, चुकीचं पॉझिटिव्ह ५ टक्के. बरोबर उत्तर साधारण २ टक्के. ते ११ जणांनी दिलं, आणि २७ जण ९५ टक्के म्हणाले.

आता याच ट्रीवर तुम्ही करा:

(अ) रिपोर्ट निगेटिव्ह आला. आजार असण्याची प्रोबॅबिलिटी?
(ब) आजार १ टक्क्याऐवजी २० टक्के लोकांना आहे, उदाहरणार्थ फक्त लक्षणं असलेल्यांचीच टेस्ट केली. मग पॉझिटिव्ह पैकी आजारी किती?
(क) मूळच्या पॉझिटिव्ह माणसाची दुसऱ्या, पहिलीशी संबंध नसलेल्या पण तितक्याच अचूक टेस्टने तपासणी केली, तीही पॉझिटिव्ह. आता?

(क) साठी नवीन ट्रीची पहिली फांदी १/१०० नाही, २/१३ घ्यायची. आधीच्या प्रश्नाचं उत्तर पुढच्या प्रश्नाची सुरुवात होतं, मला बेझमधलं सगळ्यात आवडतं ते हेच.

भाग ४: घरी करायचे, ट्री काढूनच

१. मशीन क ७० टक्के माल बनवतं आणि त्यातला २ टक्के खराब निघतो, मशीन ख ३० टक्के बनवतं आणि त्यातला ६ टक्के खराब. एक खराब नग हातात आला. तो ख चा असण्याची प्रोबॅबिलिटी?

२. ४० टक्के मेल स्पॅम आहेत. एक ठराविक शब्द २५ टक्के स्पॅममध्ये आणि १ टक्का साध्या मेलमध्ये येतो. तो शब्द आलाय. मेल स्पॅम असण्याची?

३. दोन फासे टाकले. (अ) पहिल्यावर ६ आहे, दोन्हींवर ६ असण्याची? (ब) निदान एकावर ६ आहे, दोन्हींवर ६ असण्याची? ही उत्तरं वेगळी का, ते दोन वाक्यांत लिहा.

४. इंग्लंडमध्ये १९९९ साली एका आईवर आपल्या दोन तान्ह्या बाळांच्या खुनाचा खटला चालला. एका घरात असे दोन मृत्यू नैसर्गिकरीत्या होण्याची शक्यता ७ कोटी ३० लाखांत १ आहे असं कोर्टात सांगितलं गेलं. हा आकडा एका मृत्यूच्या शक्यतेचा वर्ग करून काढला होता. तिला शिक्षा झाली आणि २००३ मध्ये ती रद्द झाली. यात दोन चुका शोधा, एक गुणाकाराची आणि एक 'पैकी'ची. हा प्रश्न घाईत करू नका.

उत्तरं

भाग ३: (अ) १०/९,४१५, साधारण ०.१ टक्का. (ब) १०,००० पैकी १,८०० आणि ४०० पॉझिटिव्ह, म्हणून १,८००/२,२०० = ९/११, साधारण ८२ टक्के. टेस्ट तीच, फक्त गर्दी बदलली. (क) साधारण ७६.६ टक्के.

भाग ४: १. ०.०१८/०.०३२ = ९/१६. ख कमी माल बनवतं तरी खराब मालात त्याचाच वाटा जास्त. २. १,००० मेलमध्ये १०० आणि ६, म्हणून १००/१०६, साधारण ९४ टक्के. ३. (अ) १/६ (ब) १/११. निदान एक ६ असलेल्या जोड्या ११ आहेत, मोजा. ४. एका घरातले दोन मृत्यू स्वतंत्र धरले, पण भावंडांमध्ये जीन्स आणि घर सारखं असतं, तेव्हा ट्रीच्या दुसऱ्या फांदीवर पहिल्याच फांदीचा आकडा लिहिता येत नाही. आणि 'निर्दोष आयांपैकी अशा किती जणींची दोन बाळं जातात' हे 'दोन बाळं गेलेल्या आयांपैकी निर्दोष किती' म्हणून वाचलं गेलं. आईने दोन बाळांचा खून करणं हीसुद्धा अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे, आणि ट्रीमध्ये ती दुसरी फांदी कोणी काढलीच नाही.