फड कधी मोडतो?
(भूगोल विषयातील पीएच.डी.ची खुली मौखिक परीक्षा. प्रास्ताविक, तीन मिनिटं. कंसातलं वाचायचं नाही.)

माननीय अध्यक्ष महोदय, बहिस्थ परीक्षक, माझे मार्गदर्शक सर, विभागातले प्राध्यापक आणि साक्री तालुक्यातून पहाटेच्या एसटीने इथवर आलेले आबा व शेतकरी मंडळी, सर्वांना नमस्कार.

(नकाशा. नदीवरून बोट फिरवायचं, वरून खाली.)

धुळे जिल्ह्यातल्या पांझरा नदीवर दगडी बंधारे एकाखाली एक बांधलेले आहेत. बंधाऱ्यातून पाट निघतो, पाटातून चाऱ्या निघतात, आणि चाऱ्यांखालची जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटलेली असते. या तुकड्याला फड म्हणतात. एका फडात एका हंगामात एकच पीक. कुठल्या फडात काय घ्यायचं, आणि पाणी कमी असेल तर कुठला फड कोरडा ठेवायचा, हे गाव बसून ठरवतं. बहुतेक खातेदारांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असते, म्हणून कोरड्या फडाची झळ सगळे मिळून सोसतात.

ही पद्धत तीनशे वर्षांहून जुनी मानली जाते. तिच्यावर पुष्कळ लिहून झालं आहे. ती का मोडली याची उत्तरंही ठरून गेली आहेत: वर धरण झालं, नदीचं वाहणं आटलं, ऊस वाढला, विहिरी वाढल्या. ही कारणं खरी आहेत. पण मी अभ्यासलेल्या तिन्ही बंधाऱ्यांना ती सारखीच लागू आहेत. नदी तीच, वरचं धरण तेच, विहिरी आणि मोटारी तिन्हीकडे. तरी दोन ठिकाणी फड मोडला आणि तिसऱ्या ठिकाणी आजही चालू आहे. माझा प्रबंध या फरकाचा शोध आहे.

(वहीच्या पानाचा फोटो. थांबायचं. लोकांना वाचू द्यायचं.)

हे पान पाटकऱ्याच्या वहीतलं आहे. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी सोडणारा, राखणारा गावाचा माणूस. डाव्या बाजूला फडाचं नाव, मग पीक, मग पाण्याच्या पाळ्या. वर्षामागून वर्षं हेच रकाने. आणि मग या पानावर रकाने आखलेत, पण भरलेले नाहीत. खाली एकच ओळ आहे: ‘यंदा फड ठरला नाही.’

त्या वर्षी पाटाला पाणी होतं. बंधारा धड होता. त्यानंतर कित्येक वर्षं पाट वाहत राहिला, आणि बाहेरून पाहणाऱ्याला फड चालूच दिसला. प्रबंधातलं माझं पहिलं म्हणणं हे आहे: फडाचा शेवट मोजायचा असेल तर पाण्यावरून किंवा बांधकामावरून मोजता येत नाही. कोरडा फड कुठला, हे ठरवायला गाव ज्या वर्षी बसलं नाही, ते त्याचं शेवटचं वर्ष. या निकषावर दोन्ही मोडलेल्या फडांच्या तारखा आजवर समजल्या जात होत्या त्याहून बऱ्याच मागे जातात.

मग गाव बसलं का नाही? ज्याची विहीर आहे, त्याला कोरड्या फडातही पीक घेता येऊ लागलं. त्याला बैठकीची गरज उरली नाही. त्याने पाटकऱ्याचं धान्य देणं थांबवलं, मग शेजाऱ्याने थांबवलं. जिथे फड टिकला, तिथे मात्र विहीरवाले आजही पाटकऱ्याचा वाटा देतात. का देता, असं मी पहिल्याच वर्षी विचारलं. पाटावर उभं राहून, विहिरीकडे हात करून आबांनी अहिराणीत सांगितलं, ‘तठे बी पाटनंच पाणी शे.’ तिथेही पाटाचंच पाणी आहे.

(आबांकडे पाहायचं.)

हे मी मोजून पाहिलं. एकवीस विहिरी, दोन वर्षं, दर पंधरवड्याला दोर आणि टेप. पाट सुटला की पाटालगतच्या विहिरींची पातळी आधी चढते, लांबच्या विहिरींची मागाहून, आणि पाट बंद झाला की त्याच क्रमाने उतरते. आबांचं वाक्य भूजलाच्या नोंदीत उतरतं. हे माझं दुसरं म्हणणं: ज्या गावाने विहिरीच्या पाण्याला पाटाच्या हिशेबात धरलं, तिथे विहीरवाला बैठकीत राहिला आणि फड टिकला.

तिसरं म्हणणं धोरणाविषयी आहे. महाराष्ट्राच्या 2005च्या कायद्याने पाणी वापर संस्थांना पाणी मोजून मिळण्याचा हक्क दिला आणि शेतकऱ्याला पीक निवडण्याचं स्वातंत्र्य दिलं. फडात हे स्वातंत्र्य माणूस एका हंगामापुरतं आपण होऊन बाजूला ठेवतो आणि त्या बदल्यात टंचाईच्या वर्षी एकटा पडत नाही. संस्था स्थापन करताना विहिरींची नोंद पाटाच्या खातेवहीतच घ्यावी, असं मी सहाव्या प्रकरणात सुचवलं आहे. ती नोंद कशी ठेवायची याचा नमुना परिशिष्टात आहे, आणि तो मी पाटकऱ्यांबरोबर बसून केला आहे.

आपल्या प्रश्नांची वाट पाहते. धन्यवाद.

(इथवर तीन मिनिटं. घड्याळ लावून चार वेळा वाचलं. वहीच्या पानापाशी थांबल्यावर पुढे घाई होते, ती करायची नाही. वेळ कमी पडला तर तिसरं म्हणणं पहिल्या दोन वाक्यांवर थांबवायचं, विहिरींचा भाग कापायचा नाही. पुढचं सगळं विचारलं तरच.)

वह्यांवर भरवसा का, असं विचारलं तर:

पाटकऱ्याची वही हा खासगी कागद आहे, त्यामुळे ही शंका रास्त आहे. मी प्रत्येक वर्षाची वही गाव नमुना बाराच्या पीक नोंदींशी ताडून पाहिली. वहीत ज्या फडात एकच पीक आहे, त्या फडातल्या गटांवर सात-बाराच्या उताऱ्यातही तेच पीक दिसायला हवं. जिथे दोन्ही जुळले नाहीत ती वर्षं मी निष्कर्षात धरलेली नाहीत, त्यांची यादी चौथ्या प्रकरणाच्या शेवटी आहे. पण ‘फड ठरला नाही’ ही ओळ सात-बारात सापडणं शक्यच नाही. सरकारी उताऱ्यात पीक लिहिलेलं असतं. गाव बसलं की नाही, हे लिहायला त्यात रकाना नाही. त्यासाठी वहीच लागते.

तीन बंधाऱ्यांवरून एवढं म्हणता येतं का, असं विचारलं तर:

मोसम आणि आरम या नद्यांवरही फड आहेत. तिथे मी काम केलेलं नाही आणि तिथलं काहीही या प्रबंधातून सिद्ध होत नाही. पाटातून पाझर किती होतो हे पाटाच्या तळावर, मातीवर, खालच्या खडकावर अवलंबून असतं. पांझराकाठच्या माझ्या पट्ट्यात विहिरी पाटाला लगेच प्रतिसाद देतात. जिथे देत नसतील, तिथे आबांचं वाक्य खरं ठरणार नाही आणि विहीरवाल्याला बैठकीत धरून ठेवणारं कारण वेगळं शोधावं लागेल. ते तपासायला दोर, टेप आणि दोन वर्षं पुरतात, फक्त पाटकऱ्याने वही उघडून दाखवायला हवी. मला पहिली वही पाहायला मिळाली ती अकराव्या महिन्यात.