विषय: अजिंठा प्रतिकृती प्रकल्प – मुदतवाढीची विनंती

आदरणीय मॅडम,

नमस्कार. मी सायली, एम.ए. भाग २. आपल्याकडे अजिंठ्याच्या १९व्या शतकातल्या प्रतिकृतींवर प्रकल्प करते आहे. तो १२ मार्चला जमा करायचा आहे, पण तिसरं प्रकरण तोवर पूर्ण होणार नाही. २६ मार्चपर्यंत मुदत मिळावी, ही विनंती. हे आधीच कळवायला हवं होतं. उशिरा लिहिते आहे, त्याबद्दल माफी मागते.

पहिली दोन प्रकरणं लिहून झाली आहेत, ती सोबत जोडली आहेत. पहिलं रॉबर्ट गिलच्या कामावर आणि १८६६ साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळालेल्या त्याच्या चित्रांवर आहे. दुसरं ग्रिफिथ्स आणि जे. जे. स्कूलच्या विद्यार्थ्यांवर. १८७२ ते १८८५ एवढी वर्षं ही मुलं लेण्यांत बसून नकला करत होती, आणि त्यातल्याही बऱ्याच पुढे लंडनच्या आगीत गेल्या. हे लिहिताना फार वाईट वाटलं.

अडलंय ते तिसऱ्या प्रकरणात. १६ क्रमांकाच्या लेण्यातलं 'मरणासन्न राजकन्या' म्हणून ओळखलं जाणारं चित्र मी त्यासाठी घेतलं आहे. ग्रिफिथ्सने ती मरणाच्या दारातली स्त्री मानली. पुढच्या अभ्यासकांनी मात्र ती नंदाची पत्नी सुंदरी असल्याचं दाखवलं: नवरा भिक्षू झाल्याची खूण म्हणून सेवक त्याचा मुकुट घेऊन आला आहे, आणि तो पाहून ती कोसळली आहे. म्हणजे सगळा अर्थ त्या मुकुटावर उभा आहे. कथा माहीत नसलेल्या विद्यार्थ्याने तो मुकुट कसा काढला असेल, ठळक की नुसता ओझरता? मला हेच शोधायचं आहे.

जानेवारीत अजिंठ्याला गेले होते, पण फ्लॅशला परवानगी नसल्याने फोटो अंधुक आले. म्हणून गेल्या आठवड्यात पुन्हा जाऊन आले. भिंत इतकी काळवंडली आहे की तिथल्या रक्षक काकांनी टॉर्च तिरका धरला तेव्हा कुठे मला मुकुट दिसला. उभ्या उभ्याच वहीत पेन्सिलने रेखाटन केलं, त्याचा फोटोही जोडते आहे. आता ते ग्रिफिथ्सच्या ग्रंथातल्या चित्राशी ताडून पाहायचं आहे. ग्रंथालयातला तो खंड बांधणीला गेला असून १८ तारखेला परत येईल. संगणकावरच्या लहान चित्रात हा तपशील नीट दिसत नाही, आणि न पाहता निष्कर्ष लिहायला माझं मन घेत नाही.

मुदत वाढवणं शक्य नसेल, तर दोन प्रकरणं आणि तिसऱ्याचा कच्चा मसुदा १२ तारखेला देईन. गुरुवारी आपल्या तासानंतर दहा मिनिटं भेटता आलं, तर रेखाटनाची वही दाखवायला आणेन.

आपली विद्यार्थिनी,
सायली