गेलेला भाग जातो कुठे? क्रॉप, इरेझर आणि मास्क

विद्यार्थी मित्रांनो,

पडद्यावर दिसणारे हे छायाचित्र गेल्या महिन्यातल्या क्रीडास्पर्धेत आपल्याच मंडळातील एका मुलीने टिपलेले आहे. अंतिम रेषेची फीत छातीला लागण्याच्या क्षणी धावणारी मुलगी नेमकी पकडली गेली आहे आणि तेवढ्यासाठीच हे चित्र मला फार आवडते. मात्र डाव्या कडेला अर्धी कचरापेटी आली आहे, मुलीच्या डोक्यातून उगवल्यासारखा एक दिव्याचा खांब मागे उभा आहे, आणि आकाश इतके उजळ आहे की तिचा चेहरा काळवंडलेला दिसतो. हे चित्र पाहून तुमच्यापैकी चौघांनी मला एकच वाक्य ऐकवले: “सर, नको तेवढे काढून टाकू या.” आजचे बोलणे या ‘काढून टाकू या’बद्दल आहे, कारण या शब्दांत तीन अगदी वेगळ्या क्रिया एकत्र कोंबलेल्या आहेत. कोणत्याही साधनाला हात लावण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा, असे मी सुचवतो: जो भाग दिसेनासा होणार आहे, तो जाणार कुठे?

कचरापेटीपासून सुरुवात करू. ती कडेला आहे आणि तिच्या व मुलीच्या मध्ये मोकळी जागा आहे, म्हणून येथे क्रॉप पुरेसा आहे. क्रॉप करणे म्हणजे चौकट लहान करणे. चौकटीच्या आत जे उरते, त्याला आपण बोटही लावत नाही. उभे राहण्याची जागा न बदलता अधिक लांब पल्ल्याची लेन्स लावली असती, तर वस्तूंची परस्परांमधली मांडणी जशी दिसली असती, तशीच ती क्रॉप केल्यावर दिसते. फोनमधील ‘डिजिटल झूम’ हाही मुळात क्रॉपच असतो. फरक पडतो तो पिक्सेलच्या संख्येत. आपल्या कॅमेऱ्याचे चित्र 6000 गुणिले 4000, म्हणजे 2 कोटी 40 लाख पिक्सेलचे आहे. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली, तर 3000 गुणिले 2000, म्हणजे 60 लाख पिक्सेल उरतात. चित्र निम्मे झाले असे वाटते, पण प्रत्यक्षात त्याचा पाव हिस्साच हाती राहतो. इंचाला 300 पिक्सेल या हिशेबाने छापायचे ठरवले, तर मूळ चित्र 20 इंच रुंद छापता येते आणि क्रॉप केलेले केवळ 10 इंच.

क्रॉप निरुपद्रवी असतो, असा मात्र समज करून घेऊ नका. अल्बेर्तो कोर्दा यांनी 1960 मध्ये हवाना येथे टिपलेले चे गेव्हारा यांचे छायाचित्र जगभर पोचले ते क्रॉप केलेल्या रूपात. मूळ चौकटीत एका बाजूला दुसऱ्या एका माणसाचा चेहरा आणि दुसऱ्या बाजूला ताडासारख्या झाडाची पाने होती. ती गेल्यावर प्रसंग नाहीसा झाला आणि उरला एकटा चेहरा. एकही पिक्सेल रंगवलेला नसताना चित्राचा अर्थ बदलतो, हे येथे ध्यानात येते.

आता आपला प्रश्न. क्रॉपमध्ये गेलेला भाग कुठे जातो? याचे उत्तर तुम्ही वापरत असलेल्या साधनावर आणि फाइल जतन करण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. काही संपादन-प्रणालींमध्ये तो भाग केवळ चौकटीबाहेर झाकून ठेवलेला असतो आणि चौकट पुन्हा ओढून मोठी केली की परत येतो. काहींमध्ये तो कायमचा जातो. मी स्वतः एकदा एका समारंभाचे चित्र उभे क्रॉप करून त्याच नावाने जतन केले, आणि नंतर तेच चित्र आडव्या फलकासाठी मागण्यात आले तेव्हा खुलासा करण्यावाचून माझ्या हाती काही उरले नव्हते. याच्या उलट घडलेली गोष्टही सांगतो. 2023 मध्ये असे उघडकीस आले की, एका प्रचलित फोनमध्ये क्रॉप करून पाठवलेल्या स्क्रीनशॉटच्या फाइलमध्ये कापलेल्या भागाची बरीचशी माहिती शिल्लक राहत होती आणि जाणकाराला ती परत मिळवता येत होती. म्हणजे ‘गेले’ असे वाटले तरी ते राहिलेले असू शकते, आणि ‘आहे’ असे वाटले तरी ते गेलेले असू शकते.

खांबाचे काय करायचे? तो मुलीच्या डोक्याच्या बरोबर मागे आहे, तेथे चौकट पोचू शकत नाही. येथे खोडण्याचा विचार मनात येतो. ‘खोडणे’ हा शब्द आपल्याला वहीतल्या खोडरबराने शिकवला आहे, आणि म्हणूनच तो थोडासा फसवा आहे. वहीत खोडल्यावर खालचा कागद दिसतो. छायाचित्रात खांबाच्या खाली आकाश नसतेच, कारण कॅमेऱ्याने तेथे आकाश पाहिलेलेच नाही. त्यामुळे निव्वळ इरेझर फिरवला, तर लेयरला, म्हणजे चित्र ज्या एकावर एक रचलेल्या थरांनी बनते त्यांतल्या त्या थराला, पारदर्शकतेची सोय असल्यास तेथे भोक पडते आणि नसल्यास पार्श्वभूमीसाठी निवडलेला रंग फासला जातो. गिम्प या संपादन-प्रणालीमध्ये `.jpg` फाइल थेट उघडून इरेझर चालवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने हा पांढरा पट्टा एकदा तरी पाहिलेला असतो. खांब खरोखर नाहीसा करायचा असेल, तर क्लोन किंवा हील या साधनांनी शेजारचे आकाश आणून तेथे बसवावे लागते. म्हणजे खोडण्याच्या नावाखाली आपण भरत असतो, आणि जे भरतो ते अंदाजाने भरतो.

हा फरक बारीक वाटला, तरी त्यावर पारितोषिके रद्द झालेली आहेत. वर्ल्ड प्रेस फोटो या स्पर्धेने 2010 मध्ये क्रीडा विभागातील एक चित्रमालिका बाद ठरवली. त्या मालिकेतील एका चित्राचा मोठा भाग क्रॉप केलेला होता, रंग काढून ते कृष्णधवल करण्यात आले होते, आणि तरीही आक्षेप त्याबद्दल नव्हता. पट्टी बांधल्या जाणाऱ्या हाताच्या मागे दिसणारा एका माणसाच्या पायाचा छोटासा तुकडा पुसून टाकण्यात आला होता, आणि तेवढ्यावरून निर्णय फिरला. क्षेत्रफळ मोजले तर क्रॉपने कितीतरी अधिक काढले होते; परंतु क्रॉपने उरलेली चौकट जशी होती तशी ठेवली होती, आणि पुसण्याने चौकटीच्या आत, कॅमेऱ्याने न पाहिलेले काहीतरी घातले होते. तेव्हा आपल्या भित्तिपत्रकात वृत्तचित्र म्हणून जाणाऱ्या छायाचित्रातला खांब तसाच राहील. हेच चित्र एखाद्या शुभेच्छापत्रावर वापरायचे असते, तर खांब पुसायला माझी काहीच हरकत नसती.

उरला काळवंडलेला चेहरा, आणि येथे मास्क कामाला येतो. मराठीत याला मुखवटा म्हटले तरी चालेल, कारण मुखवट्याचा गुण तोच आहे: तो चढवला तरी मागचा चेहरा शाबूत असतो. लेयरला मास्क जोडणे म्हणजे त्या लेयरवर त्याच मापाचे एक कृष्णधवल चित्र बसवणे. या दुसऱ्या चित्रात जेथे पांढरा आहे तेथे लेयर दिसतो, जेथे काळा आहे तेथे झाकला जातो, आणि जेथे करडा आहे तेथे त्या प्रमाणात अर्धवट दिसतो. नेहमीच्या 8 बिटांच्या फाइलमध्ये काळ्यासाठी 0, पांढऱ्यासाठी 255 आणि मधल्या करड्यासाठी मधल्या पायऱ्या असतात. लेयरवरचा एकही पिक्सेल बदललेला नसतो. तो दिसावा की न दिसावा, एवढेच मास्क ठरवतो.

आपल्या चित्रात मी असे करीन. मूळ लेयरची प्रत करून ती चेहरा नीट दिसेल इतकी उजळ करीन. तेव्हा आकाश पांढरेफटक होईल, त्याची चिंता नको. या उजळ प्रतीला पूर्ण काळा मास्क लावला की ती सगळी झाकली जाईल आणि खालचे मूळ चित्र दिसू लागेल. मग मऊ कडेचा ब्रश घेऊन, पांढऱ्या रंगाने, मास्कवर केवळ चेहऱ्याच्या जागी फिरवायचे. ब्रश केसांच्या बाहेर गेला आणि डोक्याभोवती प्रभावळ उमटली, तर `X` ही कळ दाबून रंगांची अदलाबदल करायची व काळ्याने तेवढा भाग पुन्हा झाकायचा. उद्या चेहरा फारच उजळ वाटला, तर पांढऱ्याच्या जागी करडा आणायचा. अशी दुरुस्ती इरेझरने करू गेलात, तर खोडलेले परत आणण्यासाठी केवळ अनडूचा आधार असतो, आणि फाइल बंद केली की तोही सहसा राहत नाही. सर्वांत अधिक होणारी चूकही सांगून ठेवतो: मास्कऐवजी लेयरच निवडलेला असताना ब्रश फिरवणे. तसे झाले की मुलीच्या गालावर खराखुरा पांढरा रंग बसतो. म्हणून ब्रश उचलण्यापूर्वी लेयरच्या यादीत लेयर आणि मास्क यांच्यापैकी कोणत्या चौकोनाभोवती कड उजळली आहे, ते पाहावे.

ही कल्पना संगणकाने आणलेली नाही. डार्करूममध्ये एन्लार्जरच्या प्रकाशात कागदावर चित्र उतरत असताना छायाचित्रकार पुठ्ठ्याचा तुकडा किंवा स्वतःचा हात मध्ये धरत असत. तेवढ्या भागावर प्रकाश कमी पडला की तो भाग छापात उजळ येई. हात एका जागी स्थिर ठेवला तर त्याची कड उमटे, म्हणून तो सतत हलवत ठेवावा लागे. तुमचा मऊ कडेचा ब्रश म्हणजे तो हलता हात.

एवढे ऐकून कोणी म्हणेल की मग सदैव मास्कच वापरावा. तसे नाही. समजा, एखाद्या चित्रात कोणाचा घरचा पत्ता किंवा लहान मुलाचा चेहरा आला आहे आणि तो कोणालाही दिसू नये, अशी आपली इच्छा आहे. तो मास्कने झाकून लेयर असलेली `.xcf` किंवा `.psd` फाइल तुम्ही मित्राला पाठवली, तर मास्क बंद करायला त्याला एक क्षण पुरतो. येथे परत न येणे हाच खोडण्याचा गुण ठरतो: त्या भागावर ठोस रंग भरावा, सगळे लेयर एकत्र करावेत आणि नवी `.jpg` फाइल तयार करून तीच पाठवावी. हलकासा धूसरपणा आणून समाधान मानू नये, कारण अक्षरे धूसर असली तरी ताडता येतात. उलट, काम पुढे चालू ठेवायचे असेल तेव्हा `.jpg` टाळावी, कारण तिच्यात ना लेयर टिकतात ना मास्क.

आता प्रत्येक संगणकावर हे छायाचित्र ठेवलेले आहे. प्रथम त्याची प्रत करून तिला वेगळे नाव द्या. कचरापेटी क्रॉपने काढा, चेहरा मास्कने उजळा आणि खांब तसाच राहू द्या. ज्यांचे काम लवकर होईल, त्यांनी दुसऱ्या प्रतीवर खांब पुसून पाहावा आणि फाइलच्या नावातच ‘खांब पुसलेला’ असे लिहावे, म्हणजे ती प्रत भित्तिपत्रकाच्या फोल्डरमध्ये चुकून जाणार नाही.